डिपॉझिट कापताना हिशोब द्यावाच लागतो

«घरमालकांनो, भाडेकरू गेला की रंगकामाचं एक महिन्याचं भाडं कापायचंच. काही मोडलं असेल तर नव्या वस्तूची पूर्ण किंमत घ्यायची. आणि किती कापले तेवढं कळवायचं, हिशोब द्यायला आपण बांधील नाही.»

असा सल्ला घरमालकांना दिला जातो. मीही घरमालकच आहे, पण मला तो पटत नाही. मुलुंडचा माझा वन बीएचके लीव्ह अँड लायसन्सवर देते.

रंगाचं आधी. आपला करारनामा काढून वाचा. ‘नैसर्गिक झीज वगळता’ जागा होती तशी परत द्यावी, असं बहुतेक करारांत लिहिलेलं असतं. भाडेपट्ट्यांसाठी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं 108 वं कलम हेच सांगतं. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे भाडेपट्टा नव्हे, त्यामुळे तिथे करारातलं वाक्यच धरायचं. रंगाच्या खर्चाचं वेगळं कलम त्यात नसेल, तर उन्हानं फिकटलेला रंग आणि कॅलेंडरच्या खिळ्याचं भोक ही झीजच.

मुंबईत खरा घोळ होतो तो ओलीचा. बाहेरच्या भिंतीला किंवा वरच्यांच्या बाथरूमखाली डाग असेल, पावसाळ्यात तो पसरत असेल, रंगाचे पापुद्रे सुटत असतील, तर ती इमारतीची गळती आहे. तिचे पैसे भाडेकरूकडून घेणं अन्याय आहे.

मोडतोडीचे पैसे जरूर घ्यावेत, पण वस्तूचं वय बघून. माझ्याकडे एक कुटुंब दोन वर्षं राहिलं. बेडरूमच्या भिंतीवरचा मोठा स्टिकर काढताना पुट्टीसकट रंग निघाला होता आणि बेसिनला तडा गेला होता. जाताना मी त्यांना पाठवलेला मेसेज असा:

«नमस्कार. डिपॉझिट 75,000. बेडरूमची एक भिंत, पुट्टी आणि रंग मिळून बिल 6,000. रंग चार वर्षं टिकतो असं धरलं, दोन वर्षं झालीत, म्हणून निम्मे 3,000. बेसिन, फिटिंगसह 3,200. वीस वर्षांचं आयुष्य धरलं, दहा झालीत, म्हणून 1,600. एकूण कपात 4,600, परत 70,400. हॉलमधली ओल तुमच्याकडे लावलेली नाही. दोन्ही बिलं आणि तुम्ही राहायला आलात तेव्हाचे फोटो सोबत आहेत. काही चुकलं असेल तर रविवारपर्यंत सांगा.»

चार आणि वीस वर्षं हा माझा अंदाज आहे, कायद्यातला आकडा नाही. म्हणूनच तो मेसेजमध्ये उघड लिहिला, म्हणजे समोरच्याला त्यावर बोलता येतं. डिपॉझिट त्यांचंच, आपल्याकडे फक्त ठेवलेलं. त्यातले पैसे ठेवून घ्यायचे तर नुकसान झालं हे आपल्याला दाखवता आलं पाहिजे, आणि उद्या वाद कोर्टात गेला तर नुसता आकडा तिथे टिकत नाही.

त्यांनी बेसिनचं मान्य केलं. काचेची बरणी पडली होती म्हणाले. भिंतीबद्दल मात्र विचारलं, ‘आमच्याच पेंटरकडून करून घेतलं तर?’ त्यानं 4,400 सांगितले. मी त्याच्याकडूनच काम करून घेतलं आणि 3,000 ऐवजी 2,200 कापले. किचनमधली एक टाइलही फुटलेली होती, पण ते यायच्या आधीचा तिचा फोटो माझ्याकडे नव्हता. तिचे पैसे मी धरले नाहीत.