आमच्या बाल्कनीतला बेशिस्त सूर्य

लेकीच्या शाळेने प्रकल्प दिला : 'घरातून सूर्यास्त पाहा, सूर्याचा रंग नोंदवा, तो लाल का दिसतो ते लिहा.' प्रकल्प मुलांना दिला की तो बापाने करायचा असतो, हे पालकसभेत कुणी सांगत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. बिल्डरने बाल्कनी 'येऊर फेसिंग' म्हणून विकली आणि त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे घेतले. सूर्य त्याच डोंगरामागे मावळतो, म्हणजे काम घरबसल्या होणार असं वाटलं. संध्याकाळी लेक वही घेऊन बसली. सूर्य डोंगराला टेकला, बुडाला. तिने लिहिलं : 'पिवळा.'

"अगं, जरा नारिंगी होता."

"पिवळाच होता, बाबा. आणि शाळेने 'लाल' लिहून दिलंय. खोटं कोण बोलतंय?"

आतून आजीने निकाल दिला, "ठाण्यात काही धड मिळत नाही. सूर्यसुद्धा." आजी मूळच्या गिरगावच्या.

मग मी वही ओढली. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात. हवेतले नायट्रोजन-ऑक्सिजनचे रेणू प्रकाशलहरींपेक्षा फार लहान. ते प्रकाश इकडेतिकडे विखुरतात, पण सगळ्या रंगांना सारखा न्याय देत नाहीत. तरंगलांबी जितकी कमी, तितकं विखुरणं जास्त, आणि तेही चौथ्या घाताने. हा नियम लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये मांडला. निळ्याची तरंगलांबी 450 नॅनोमीटर धरली आणि तांबड्याची 650, तर फरक जेमतेम दीडपट. पण चौथा घात घेतला की निळा तांबड्याच्या चौपटीहून जास्त विखुरतो. हा भरकटलेला निळा आभाळाच्या प्रत्येक कोपऱ्यातून आपल्या डोळ्यांत येतो, म्हणून आभाळ निळं.

"मग जांभळा तर आणखी विखुरेल. आभाळ जांभळं का नाही?"

हा प्रश्न प्रकल्पात नव्हता. सूर्याच्या प्रकाशात जांभळा मुळात कमी आणि आपला डोळाही त्या रंगाला मंद, असं सांगून मी घाईने सूर्यास्ताकडे वळलो.

हवेला टोलनाका समजा. सूर्य बरोबर डोक्यावर असतो तेव्हा वाटेत एकच नाका. हवा स्वच्छ असेल तर तिथे निळ्याचे शंभरातले साधारण 20 कापले जातात, तांबड्याचे फक्त 5. सूर्य अगदी क्षितिजावर आला की किरण वातावरणातून तिरपे येतात आणि डोक्यावरच्यापेक्षा सुमारे 38 पट हवा ओलांडतात. म्हणजे 38 नाके. 80 टक्क्यांचे 80 टक्के असं कॅल्क्युलेटरवर दाबत गेलो, तर शेवटी निळा दहा हजारांत दोन उरला. तांबडा मात्र शंभरात 14. सूर्य लाल दिसणार नाही तर काय?

मग आमचाच का पिवळा? तर डोंगर मध्ये येतो. येऊरच्या कड्यामागे सूर्य दडतो तेव्हा तो खऱ्या क्षितिजापासून अजून वरच असतो. समजा पाच अंश. तेवढ्या उंचीवर हवा 38 पट नाही, दहा पटच. दहा नाक्यांनंतर निळा शंभरात 11 आणि तांबडा 60 उरतो. निळा गेला खरा, पण मधले हिरवे-पिवळे बऱ्यापैकी शाबूत. म्हणून सूर्य पिवळट. लाल होण्याचा खरा कार्यक्रम शेवटच्या काही अंशांत असतो, आणि नेमका तेव्हाच आमच्याकडे पडदा पडतो. 'येऊर फेसिंग'चे पैसे कशाचे घेतले ते मला त्या दिवशी कळलं.

"पण धूळ, धूर असला की सूर्यास्त जास्त रंगतो ना?" सौ. म्हणाली. सोसायटीच्या ग्रुपवर असंच आलं होतं. बांधकामाची धूळ आणि धुरक्यातले थेंब रेणूंपेक्षा कितीतरी मोठे. ते जवळजवळ सगळे रंग सारखेच विखुरतात. त्यामुळे जानेवारीत आमचं आभाळ निळं न दिसता पांढुरकं दिसतं आणि सूर्य मळकट नारिंगी थाळी होऊन डोंगराच्या आधीच विरतो. ऑक्टोबरात पावसाने हवा धुतली की त्याच बाल्कनीतून निळं आभाळ दिसतं. ग्रुपवर हे लिहिलं, तर खाली कुणीतरी 'सुप्रभात' टाकलं.

लेकीला लाल सूर्य डोळ्यांनी बघायचाच होता. समुद्राच्या क्षितिजासाठी उत्तनला जायचं ठरलं. दुपारीच निघालो. गायमुखच्या घाटात गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. समोर एक अवाढव्य टँकर. त्याच्या पलीकडे कुठेतरी सूर्याने 38 नाके ओलांडले असावेत. लेकीने वही उघडून प्रामाणिकपणे लिहिलं : 'सूर्य दिसला नाही. टँकरचे मागचे दिवे लाल आहेत.'