२१ जूनला पहिल्यांदाच वाकायला येऊ नका, १ जूनपासून या

मंडळी, सांगलीत विश्रामबागला आमचा नवशिक्यांचा योगवर्ग १ जूनपासून सुरू होतोय. वेळ सकाळी साडेसहा ते सव्वासात. आजवर एकही आसन केलं नसेल तरी चालेल, हा वर्ग तुमच्यासाठीच आहे.

तीन आठवडे आधी का बोलावतोय, ते सांगतो. २१ जूनच्या योग दिनाला आयुष मंत्रालयाचा ४५ मिनिटांचा ठरलेला क्रम करतात. त्यात ताडासन, वृक्षासन झालं की लगेच पादहस्तासन येतं. मैदानावर माइकवरून सूचना चालू असतात, शेजारच्याचे हात जमिनीला टेकलेले दिसतात आणि नवखा माणूसही ईर्ष्येनं खाली जातो. आमच्या मते पहिल्याच दिवशी असं वाकणं चूक आहे.

दिवसभर दुकानात किंवा ऑफिसात बसणाऱ्याचं उदाहरण घ्या. त्याच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. ते बैठकीच्या हाडाला जोडलेले, त्यामुळे वाकताना खुबा पुढे झुकत नाही आणि सगळा वाक कमरेच्या मणक्यांवर येतो. बाजूनं बघितलं की लगेच कळतं: पाठीला पोक येतं, मान ताणली जाते, श्वास रोखलेला असतो.

म्हणून पहिला आठवडाभर आम्ही फक्त भिंतीशी वाकायला शिकवतो. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तळवे कमरेच्या उंचीवर टेकवायचे. पाय नितंबाइतके रुंद, गुडघे किंचित मोकळे. मग एकेक पाऊल मागे जात नितंब मागे ढकलायचे, कान दंडांच्या रेषेत येईपर्यंत. पाठ गोल व्हायला लागली की तिथंच थांबायचं, गुडघे अजून वाकवायचे. पाच सावकाश श्वास, की पुढे चालत वर. दुसऱ्या आठवड्यात भिंतीऐवजी खुर्ची. जमिनीला हात टेकलेच पाहिजेत असं काही नाही, २१ तारखेलासुद्धा नाही.

ताण मांडीच्या मागे मधोमध जाणवला तर ठीक. गुडघ्यामागे किंवा अगदी बैठकीच्या हाडाशी दुखलं तर कमी वाका. कळ पायात खाली उतरली तर लगेच थांबा आणि आम्हाला सांगा. वर येताना झटका नको, डोकं शेवटी उचला, नाहीतर गरगरतं.

स्लिप डिस्क, हर्निया, हृदयाचा त्रास, वाढलेलं बीपी, चक्कर, काचबिंदू किंवा गरोदरपण असेल तर नाव देतानाच कळवा. घरी बसवत नाही कुणाला, आसन बदलून देतो. पण डॉक्टरांना विचारून या.

येताना पोट रिकामं हवं, जेवण झालं असेल तर तीन तास आधी. मॅट असेल तर आणा. नुसती सतरंजी फरशीवर सरकते, जूनच्या दमट हवेत तर जास्तच, म्हणून ज्यांच्याकडे मॅट नाही त्यांना आम्ही देऊ.

एकेकाची पाठ बाजूनं बघावी लागते, त्यामुळे एका तुकडीत पंधराच जण घेतोय. नाव, वय आणि काही दुखणं असेल तर ते, एवढं इनबॉक्समध्ये पाठवा.