एक सारांश, दोन प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

«लेख वाचला. प्रकरणाचा सारांश नीट काढला असेल तर तोच क्रमाने लिहिला की दीर्घोत्तरी उत्तर तयार होते. प्रस्तावना, मुद्दे, समारोप असा सांगाडा वेगळा बांधायला लावणे म्हणजे शिकवणीवाल्यांनी उगाच वाढवून ठेवलेले काम आहे. अशा साच्यांमुळे सगळ्या मुलांची उत्तरे एकसारखी होतात. तुमचा समारोपाचा नमुनाही फार लांब आहे. परीक्षेत एवढा वेळ कोणाकडे असतो?»

नमस्कार. आपण लेख वाचून सविस्तर लिहिलेत, याबद्दल आभार. समारोपाचा नमुना लांब झाला आहे हे मान्य. तो तीन वाक्यांत बसायला हवा होता आणि तसा बदल मी केला आहे. मात्र ‘शिकवणीवाल्यांनी’ हा शब्द वापरण्याआधी आपण थोडा विचार करायला हवा होता. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग आणि विडी कामगारांच्या मुलांना मी गेली अनेक वर्षे संध्याकाळी इतिहास शिकवतो आणि त्यासाठी कोणाकडून एक रुपयाही घेत नाही. मुलांचे काम वाढवून माझा कोणता लाभ होतो, हे आपण लिहिलेले नाही. मतभेद जरूर नोंदवावा. पण हेतूवर शंका घ्यायची असेल तर तिला आधार द्यावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

आता आपल्या पहिल्या विधानाकडे येतो, कारण बाकीचे सगळे त्याच्यावरच उभे आहे. सारांश प्रकरणाच्या क्रमाने चालतो आणि प्रश्न त्या क्रमाने कधीच विचारला जात नाही. पदवीच्या वर्गातील सविनय कायदेभंगाचे प्रकरण घेऊ. त्याचा चांगला सारांश पानभर होतो : १९२९ चा लाहोरचा पूर्ण स्वराज्याचा ठराव, १२ मार्च १९३० ला निघून ६ एप्रिलला मिठाच्या सत्याग्रहापर्यंत पोहोचलेली दांडी यात्रा, पेशावर, सोलापूर, धारासणा, जंगल सत्याग्रह, ५ मार्च १९३१ चा गांधी-आयर्विन करार, दुसरी गोलमेज परिषद, १९३२ मध्ये पुन्हा सुरू झालेली चळवळ आणि १९३४ मधील अखेर. या एकाच पानावर दोन प्रश्न येऊ शकतात. एक, ‘चळवळीतील लोकसहभागाचे स्वरूप स्पष्ट करा.’ दुसरा, ‘चळवळीचे मूल्यमापन करा.’ आपल्या पद्धतीने दोन्ही प्रश्नांना अक्षरशः एकच उत्तर लिहिले जाईल. मग परीक्षकाने गुण कशाला द्यायचे, हे आपणच सांगावे.

पहिल्या प्रश्नाचा सांगाडा बांधताना सर्वांत आधी सारांशातील कोणत्या ओळी गाळायच्या हे ठरवावे लागते. गोलमेज परिषद गळते, करार गळतो, दांडी यात्रेच्या तारखा प्रस्तावनेतील एका वाक्यात सामावतात. प्रस्तावना अशी होते : मिठावरील कर प्रत्येक घराला लागू असल्यामुळे हा विषय शिकलेल्या वर्गापुरता राहिला नाही आणि म्हणून समाजाचे निरनिराळे थर चळवळीत आले. यापुढचे मुद्दे घटनांच्या तारखेने मांडायचे नाहीत, समाजाच्या थरांनी मांडायचे. कामगार हा एक मुद्दा. त्याचा पुरावा सोलापूर. स्त्रिया हा दुसरा. त्याचा पुरावा धारासणा येथे सरोजिनी नायडूंनी केलेले नेतृत्व आणि दारूच्या व परदेशी कापडाच्या दुकानांवरील निदर्शने. शेतकरी आणि आदिवासी हा तिसरा. त्याचा पुरावा बिळाशी आणि चिरनेर येथील जंगल सत्याग्रह. चौथा मुद्दा पेशावरचा, जिथे खान अब्दुल गफारखान यांच्या अनुयायांवर गोळी झाडायला गढवाली सैनिकांनी नकार दिला. समारोपात नवी माहिती येत नाही. सहभाग व्यापक होता, पण सर्वत्र सारखा नव्हता आणि वायव्य सरहद्द प्रांताबाहेर मुस्लिम समाजाचा सहभाग असहकार चळवळीपेक्षा कमी होता, असा निर्णय देऊन उत्तर संपते.

दुसऱ्या प्रश्नात हेच साहित्य वेगळे काम करते. प्रस्तावनेत मोजमाप कशाने करायचे ते सांगावे लागते : पूर्ण स्वराज्य हे घोषित ध्येय होते, ते मिळाले का, आणि मिळाले नसेल तर सरकारची पकड किती सैल झाली? मुख्य मुद्दा आता गांधी-आयर्विन करार होतो, जो मघाशी पूर्ण गाळला होता. सरकारला काँग्रेसबरोबर करार करावा लागला आणि किनाऱ्यावरील लोकांना घरच्या वापरापुरते मीठ तयार करण्याची मुभा मिळाली, ही जमेची बाजू. पोलिसी अत्याचारांच्या चौकशीची मागणी मान्य झाली नाही, ही उणी बाजू.

यात आपल्या गावाची घटना पाहावी. गांधीजींच्या अटकेनंतर ६ मे १९३० ला सोलापुरात हरताळ झाला, ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला, लोकांनी पोलीस चौक्या आणि न्यायालयावर हल्ले केले, १२ मेपासून लष्करी कायदा लागू झाला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली. पहिल्या प्रश्नात या घटनेतून गिरणी कामगार घ्यायचे. दुसऱ्या प्रश्नात तिचे दोन वेगळे अर्थ निघतात : काही दिवस शहरातील सरकारी सत्ता ठप्प झाली, आणि अहिंसेची शिस्त सर्वत्र टिकली नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे रोज पाहणारी आमची मुले ही माहिती सारांशात बिनचूक लिहितात. ती कोणत्या वाक्याचा पुरावा आहे, हे मात्र सांगाडा बांधल्याशिवाय त्यांना सांगता येत नाही, आणि हे मी एका-दोघांचे नव्हे, वर्षानुवर्षे तपासलेल्या उत्तरांचे निरीक्षण सांगतो आहे.

सांगाडा खरोखर बांधला आहे की सारांशालाच तीन शीर्षके चिकटवली आहेत, हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पहिल्या उत्तराची प्रस्तावना उचलून दुसऱ्या उत्तरावर ठेवावी. ती तिथेही चालत असेल, तर ती प्रकरणाची प्रस्तावना आहे, प्रश्नाची नव्हे. प्रत्येक मुद्द्याचे पहिले वाक्यही पाहावे. ‘८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला’ ही घटना झाली; ‘गिरणी कामगारांनी चळवळीला शहरी कष्टकऱ्यांचे बळ दिले’ हा मुद्दा झाला, आणि घटना त्याच्या खाली यायला हवी. निम्मा सारांश वापराविना उरला, तर घाबरू नये. तो उरायलाच हवा. उलट एखाद्या मुद्द्याखाली पुरावाच सापडत नसेल, तर सारांश काढताना नावे आणि वर्षे गाळली गेली आहेत असे समजून मूळ प्रकरण पुन्हा उघडावे लागते.

उत्तरे एकसारखी होतात, या आक्षेपावर अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही. एकाच सारांशातून दोन भिन्न उत्तरे कशी निघतात ते वर आले आहे. एकसारखी उत्तरे कोणत्या पद्धतीने होतात, ते वाचकांनीच ठरवावे.

वेळेबद्दल सांगायचे तर हे काम परीक्षेच्या दालनात करायचे नसून आधी वहीत करायचे आहे, हे लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिले होते आणि टीका करण्यापूर्वी तेवढे वाचणे अवघड नव्हते. टिपा आणि एका वाक्यातील उत्तरे यांना सांगाडा लागत नाही, हेही तिथेच आहे.

आपण आपल्या मतावर ठाम असाल, तर ‘सविनय कायदेभंग चळवळीतील स्त्रियांचे योगदान’ हा प्रश्न घ्यावा आणि वर दिलेला सारांश त्याच क्रमाने उतरवून उत्तर पाठवावे. मी ते आपल्या नावासह जसेच्या तसे इथे देईन आणि त्याखाली त्याच प्रश्नाचा माझा सांगाडा ठेवीन.