"शेवटच्या 3 बाटल्या" म्हणजे नक्की किती?

डिचोलीच्या एका वाचकाची प्रतिक्रिया: "'खोटी घाई लावू नका' असं ज्ञान देताय, पण तुमच्याच साईटवर कोकम आगळाच्या 'शेवटच्या 3 बाटल्या' होत्या, पंधरा दिवसांनी परत 8 दिसल्या. मग तुमच्यात आणि टायमर लावणाऱ्यात फरक काय?"

दादा, पकडलंत बरोबर. त्या दिवशी 3 खऱ्याच होत्या हो, पण नंतर एका हॉटेलवाल्याने 8 बाटल्यांची ऑर्डर रद्द केली आणि मी त्या गुपचूप स्टॉकमध्ये टाकल्या, चूक तिथे झाली. एका बाईंनी 'शेवटच्या 3' वाचून तिन्ही घेतल्या होत्या, त्यांनी नंतर 8 बघितल्या आणि मेसेज केला "मला उगाच पळवलंत ना?" दोन न फोडलेल्या बाटल्या परत घेतल्या, पैसे दिले. तेव्हा एक ओळ लिहायला हवी होती: "ऑर्डर रद्द झाल्याने 8 बाटल्या परत आल्या." बस, एवढंच.

आता आगळाचं बघा, कोकमं एप्रिल-मे मध्ये, पाऊस लागला की खेळ खल्लास, त्यामुळे वर्षभर पुरवायचं ते तेवढंच. माझ्या 60 बाटल्या झाल्या होत्या. म्हणून मी आता लिहिते, "या वर्षीच्या 5 उरल्या, पुढचं आगळ मे नंतर." यात घाई आहे, पण कारणही आहे, आणि ज्याला थांबायचंय त्याला कधीपर्यंत थांबायचं तेही कळतं. नुसतं "लवकर करा!!" वाचून काय कळतं, सांगा.

आकडा चुकतो तो बहुतेक वेळा लबाडीने नाही, आळसाने. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात मी 4 बाटल्या नेते आणि साईट आपली 9 दाखवत बसते, मग कोणी 6 मागवल्या की मी अडकले. म्हणून गुरुवारी रात्रीच त्या 4 साईटवरून कमी करते, न विकलेल्या परत आल्या की वाढवते. माझी साईट ज्यावर चालते त्या वूकॉमर्समध्ये ऑर्डर टाकली पण पैसे भरले नाहीत तर ठराविक मिनिटं माल अडकून राहतो आणि मग सुटतो, म्हणजे पानावर 2 दिसतात पण तेवढा वेळ दुसऱ्याला 1 च घेता येते असं होऊ शकतं, त्यात फसवणूक नसते. संशय घ्यायचा तो तिथे, जिथे रोज सकाळी 3 च असतात, किंवा पान रिफ्रेश केलं की टायमर परत दहा मिनिटांवर येतो.

आणि हो, हे नुसतं माझं मत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नवर, म्हणजे ग्राहकाला फसवून खरेदी करायला लावणाऱ्या साईटवरच्या युक्त्यांवर, जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात खोटी घाई हा पहिलाच प्रकार आहे, माल आहे त्यापेक्षा कमी दाखवणं त्यातच येतं.

बाकी 60 पैकी 40 पडून असताना मी काही लिहीतच नाही. आता 5 आहेत, काल रात्री मोजल्या, तुम्हाला हवी असेल तर सांगा.