काटा नऊवर, तरी शॉट 15 सेकंदांत: एका प्रतिक्रियेला उत्तर

"ताई, एस्प्रेसो मशीनच्या दाबाच्या गेजवरचा तुमचा लेख वाचून दोन रविवार आणि अर्धा किलो बिया घालवल्या. तुम्ही लिहिलंय, काटा नऊवर आला की दळण जमलं. माझा काटा पहिल्या दिवसापासून नऊवरच आहे, आणि 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम 15 सेकंदांत पडून मोकळे होतात. चव चिंचेच्या कोळासारखी. ग्राइंडर दोन खुणा बारीक केला, काटा जागचा हलला नाही, म्हणून होता तिथे परत आणला. खोक्यावर 15 बार छापलंय, पण काटा दहाच्या वर कधी गेलाच नाही. माझ्या मते पंप गेलाय. आणि गेला नसेल तर गेज शोभेचा आहे असं सरळ लिहा की!"

ते वाक्य माझंच आहे आणि ते चुकीचं आहे. काल रात्री मूळ लेखातून ते काढलं. तेव्हा माझ्याकडे जुनं मशीन होतं आणि त्याचा जादा दाबाचा व्हॉल्व इतका आवळलेला होता की तो शॉटमध्ये कधी उघडायचाच नाही. त्यामुळे जाडं दळलं की काटा सहावर, बारीक दळलं की बाराच्या पुढे, असं सरळ नातं दिसायचं. मी ते सगळ्यांच्या मशीनला लावलं. तुमचे दोन रविवार त्यात गेले, त्याबद्दल माफी मागते. पण पंप गेलाय हे मात्र मला पटत नाही. उलट तुम्ही जे लिहिलंय त्यावरून पंप ठणठणीत दिसतो, आणि ग्राइंडर परत मागे फिरवलात तिथेच घोळ झाला.

घरगुती मशीनमध्ये बहुतेक वेळा कंपन पंप असतो. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर त्याचा पिस्टन सेकंदाला 50 ठोके देतो. या पंपाचा स्वभाव असा की समोर अडथळा नसेल तर तो भरपूर पाणी देतो, आणि दाब वाढत जाईल तसं त्याचं पाणी कमी कमी होत जातं. खोक्यावरचे 15 बार म्हणजे या उताराचं शेवटचं टोक. तिथे दाब सर्वांत जास्त असतो, पण पाणी जवळजवळ थांबलेलं असतं. त्या दाबावर कॉफी निघतच नाही. म्हणून पंपाच्या पुढे एक स्प्रिंगचा व्हॉल्व बसवलेला असतो. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तो उघडतो आणि जादा पाणी टाकीत परत सोडतो. तुमच्याकडे तो नऊ-दहाच्या दरम्यान लावलेला आहे, एवढंच तुमचा काटा सांगतोय. दहाच्या वर न जाणं हा बिघाड नाही, तसंच असायला हवं.

आता गंमत बघा. माझ्या आताच्या मशीनमध्ये परतीची नळी टाकीत उघडी लोंबते. मी ती मापाच्या ग्लासात सोडली, कॉफी भरायच्या दांड्यात, म्हणजे पोर्टाफिल्टरमध्ये, बिनभोकाची बास्केट लावली आणि 20 सेकंद पंप चालवला. काटा दहाला टेकायला आला आणि ग्लासात 76 मिली पाणी जमलं. म्हणजे त्या दाबावर पंप सेकंदाला साधारण पावणेचार-चार मिली देतो. कॉफीकडे काहीच जात नव्हतं, म्हणून सगळंच्या सगळं परत आलं. शॉट चालू असताना या चार मिलींची वाटणी होते: दाबून बसवलेल्या कॉफीची वडी जेवढं घेईल तेवढं कपात, उरलेलं टाकीत. वडीने सेकंदाला एक मिली घेतलं काय आणि साडेतीन घेतलं काय, व्हॉल्व आपला उघडाच, आणि काटा नऊच्या आसपासच.

खात्री करायला त्याच बियांचे 18-18 ग्रॅम घेऊन चार वेळा दळलं आणि प्रत्येक वेळी 36 ग्रॅमला थांबवलं. सर्वांत जाड दळणाला 11 सेकंद लागले, आणि तिथे काटा साडेसहाच्या वर चढलाच नाही. त्याहून बारीक दळलं तेव्हा 14 सेकंद, काटा नऊ. आणखी बारीक, 27 सेकंद, काटा नऊच्या किंचित पुढे. शेवटचं 41 सेकंद, काटा साडेनऊ. 14 आणि 41 सेकंदांच्या कॉफीत जमीन-अस्मानाचा फरक आणि काट्यात अर्ध्या बारचा! तो अर्धा बारही कशाने, तर परत जाणारं पाणी वाढलं की व्हॉल्वच्या स्प्रिंगला थोडं जास्त दबावं लागतं म्हणून.

तुमचा 15 सेकंदांचा शॉट यात कुठे बसतो ते आता दिसेल. पहिले पाचेक सेकंद पाणी वरची पोकळी भरण्यात आणि वडी भिजवण्यात जातात. उरलेल्या दहा सेकंदांत 36 ग्रॅम, म्हणजे सेकंदाला साडेतीनच्या थोडं वर. तुमचा पंप माझ्यासारखाच असेल तर तुमची वडी जवळजवळ सगळं पाणी गिळतेय, व्हॉल्वकडे जेमतेम थेंब-थेंब जात असेल. तुम्ही बरोबर काठावर उभे आहात. ग्राइंडर एक खूण जाड केलात तर काटा आठ-सातवर घसरेल. बारीक केलात तर काटा हलणार नाही, आणि तुम्ही नेमकं ते बघून परत फिरलात. त्या दोन खुणांनंतर वेळ किती लागला ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, तो 20 सेकंदांच्या पुढे गेला असणार.

म्हणून दळणासाठी दाबाचा काटा बघायचाच नाही. त्यासाठी वजनकाटा आणि घड्याळ. दाबाच्या काट्याचा आकडा दळणाबद्दल बोलतो तो फक्त व्हॉल्व उघडण्याच्या आधी, आणि तिथे तो एवढंच सांगतो की वडी पंपाला पुरेशी अडवत नाहीये.

गेज शोभेचा मात्र नाही. मी आकड्यापेक्षा त्याचं चढणं-उतरणं बघते. बटण दाबल्यावर काटा दोन-चार सेकंद खाली रेंगाळतो आणि मग चढतो. हा वेळ पोकळी भरण्याचा. रोजच्याइतकीच कॉफी घालूनही तो एखाद्या दिवशी लांबला, तर पंप पाणी कमी देतोय किंवा नळीत हवा आहे. शेवटाकडेही लक्ष ठेवते. कॉफी विरघळत जाते तशी वडी सैल पडते आणि जास्त पाणी सोडू लागते. नऊवर असलेला काटा शेवटच्या पाच-सात सेकंदांत हळूच आठवर आला, तर दळण काठावर आहे असं समजावं. तुमच्या शॉटमध्ये हे होत असणार, एकदा नीट बघा. मध्येच काटा झपकन पडला तर वडीला भगदाड पडलेलं असतं. पण छोटी भेग काट्यावर दिसत नाही, कारण भेगेतून गेलेलं जादा पाणी व्हॉल्वच्या वाट्यातून वजा होतं आणि दाब तसाच राहतो. ती बघायची तर खालून उघडा पोर्टाफिल्टर लागतो, त्यात पिचकारी उडते ती लगेच कळते.

राहिला पंप. त्याची शंका घ्यायची असेल तर कॉफी बाजूला ठेवून घ्यावी, कारण कॉफी असताना दोष कोणाचा ते कळत नाही. बिनभोकाची बास्केट लावा, दहा सेकंद चालवा, काटा कुठे थांबतो ते वहीत लिहून ठेवा. नऊ-दहाला गेला तर विषय संपला. पाच-सहावर अडकला, तर मग परतीच्या नळीकडे बघायचं. दाब कमी असूनही नळीतून पाणी वाहत असेल तर पंप आपलं काम करतोय, व्हॉल्वच लवकर उघडतोय. बहुधा त्याची स्प्रिंग सैल झालेली असते किंवा बैठकीत क्षाराचा कण अडकलेला असतो. नळी कोरडी आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी टपकतंय, तर शॉटनंतर दाब सोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व गळतोय. दोन्हीकडे पाणी नाही आणि मशीनच्या आतही ओल नाही, तर पंपाकडे बोट दाखवायला हरकत नाही. त्याआधी टाकीतली जाळी मात्र बघा. मी एकदा पंप बदलायला मेकॅनिक बोलावला होता, आणि जाळीवर टाकीच्या आतला हिरवट बुळबुळीत थर निघाला. मेकॅनिक तीनशे रुपये घेऊन हसत गेला.

एक मर्यादा सांगते. सगळ्या मशीनमध्ये परतीची नळी टाकीत दिसत नाही. काहींत ते पाणी आतल्या आतच पंपाच्या तोंडाशी जातं. तुमचं तसं असेल तर ही चाचणी अर्धीच होईल. शिवाय गेज वडीच्या बराच आधी बसवलेला असतो. वडीच्या वरची जाळी जुन्या कॉफीने चोंदली असेल तर गेज नऊ दाखवेल आणि वडीला त्याहून कमी मिळेल. त्या वेळी शॉट हळू पडतो आणि तरी कॉफी पाणचट लागते. तुमचं दुखणं ते नाही, तुमचा शॉट धावतोय.

तर या रविवारी ग्राइंडर पुन्हा त्या दोन खुणांवर न्या. त्या जागेवर पहिले काही ग्रॅम दळून फेका, कारण पात्यांत आधीचं जाड दळण अडकलेलं असतं, आणि एका शॉटमध्ये निकाल बघितला तर तोच फसवतो. मग 18 ग्रॅम भरा, 36 ग्रॅमला थांबवा आणि वेळ लिहा. 25 सेकंदांच्या आत आला तर आणखी एक खूण बारीक. 30 च्या आसपास आंबटपणा उतरेल असं वाटतं. बिया फार हलक्या भाजलेल्या असतील तर त्याहूनही पुढे जावं लागेल. काट्याकडे फक्त शेवटच्या काही सेकंदांत बघा, तो आता घसरायचा थांबला का एवढ्यासाठी. आणि परतीच्या नळीचं पाणी मोजता आलं तर 20 सेकंदांचा आकडा इथे टाका. माझ्या 76 मिलीशी ताडून बघू.