नवीन चलान फाडलं म्हणून जॉबवर्कचं वर्ष नव्याने सुरू होत नाही

"जॉबवर्कला माल चलानवर पाठवला की जीएसटीचा विषय संपला. वर्ष भरत आलं की जुनं चलान बंद करून नवीन फाडायचं, अजून एक वर्ष मिळतं. आणि भंगार वर्कशॉपवाल्याचंच, ते आपल्या हिशोबात येत नाही."

असं बरेच जण म्हणतात, पण विषय संपत नाही, पुढे ढकलला जातो एवढंच. जीएसटी कायद्याच्या कलम 143 खाली कच्चा माल टॅक्स न भरता पाठवता येतो, पण एक वर्षात परत आणायचा किंवा नियमाप्रमाणे तिथूनच विकायचा या अटीवर. मशीनला 3 वर्षं मिळतात, डाय, मोल्ड, जिग-फिक्स्चरला ही मुदतच नाही, म्हणून डायचा नियम स्टील बारसारख्या कच्च्या मालाला लावू नका.

आता नवीन चलानचं बघा, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. समजा 10 एप्रिल 2024 ला 5,000 किलो स्टील बार टर्निंगला गेले, किलोला 60 रुपये. 3,000 किलोचं काम झालं, 2,000 किलो तसेच वर्कशॉपच्या रॅकवर पडून, आणि 5 एप्रिल 2025 ला ऑफिसात बसून कोणीतरी जुन्या चलानवर 'परत आला' लिहिलं आणि नवीन फाडलं. माल जागचा हलला नाही, गाडी नंबर नाही, गेटच्या इनवर्ड रजिस्टरला नोंद नाही, मग तो परत आला असं दाखवणार कशावरून? खरंच गाडीत भरून आणला आणि पुन्हा पाठवला असता तर गोष्ट वेगळी होती. नाहीतर तो माल पाठवला त्याच दिवशी सप्लाय झाला असं धरतात, वर्ष संपलं त्या दिवशी नाही! 1,20,000 च्या मालावर 18 टक्क्यांनी 21,600 टॅक्स, आणि मधल्या वर्षाचं व्याज 18 टक्क्यांनी साधारण 3,900. वर्ष संपलं त्या महिन्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवायचं, पण व्याज मात्र मागच्या तारखेपासून. खरंच अडचण असेल तर मुदत संपायच्या आधी कमिशनरकडे कारण देऊन वाढ मागा, कच्च्या मालाला अजून एक वर्षापर्यंत मिळू शकते. अजून एक, सप्लायरने माल थेट वर्कशॉपला पाठवला असेल तर वर्ष तिथे पोचल्याच्या दिवसापासून मोजतात.

भंगाराचं म्हणाल तर त्या 3,000 किलोतून 2,400 किलो तयार जॉब आले, उरलेले 600 किलो चिप्स गेले कुठे? मूळ माल तुमचा आहे. वर्कशॉप रजिस्टर्ड असेल तर तो टॅक्स भरून तिथूनच चिप्स विकू शकतो, नसेल तर विक्री आणि टॅक्स तुमच्यावर. आणि मजुरीत वळते करून त्याला ठेवू दिले असतील तर ती मजुरीच झाली, फुकट नाही. जॉबवर्कच्या मालाचा हिशोब द्यायच्या आयटीसी-04 फॉर्ममध्ये घट आणि वेस्टचा रकाना आहेच, तिथे 600 भरले नाहीत तर ते किलो न परतलेल्या मालात दिसतात, म्हणून दर चलानच्या मागे तीन वजनं लिहून ठेवा, गेलेलं, आलेलं, आणि चिप्सचं.