मर्ज झालेला पीआर परत येतो तेव्हा

अप्रूव्ह झालेल्या पीआरपैकी किती नंतर रिव्हर्ट झाले, किती हॉटफिक्सने सावरावे लागले, हे गेले काही महिने आम्ही मोजतोय. मोजायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. पण नुसत्या टक्केवारीवरून रिव्ह्यू चांगला की वाईट हे ठरवू नका.

रिव्हर्ट सापडणं सोपं आहे:

```
git log --oneline --since="90 days ago" --grep='^Revert "'
```

हॉटफिक्सचं तसं नाही. तो कुठल्या पीआरमुळे करावा लागला हे गिटला माहीत नसतं. आम्ही आधी `git blame` वापरून पाहिलं: हॉटफिक्सने ज्या ओळी बदलल्या, त्या मुळात कुणी आणल्या? पण चूक बहुतेकदा राहून गेलेल्या गोष्टीची असते, जसं की रिकाम्या व्हॅल्यूची तपासणीच नाही. तिथे हॉटफिक्स फक्त नव्या ओळी घालतो, आणि ब्लेमला दाखवायला जुनी ओळच नसते. म्हणून आता हॉटफिक्स लिहिणाराच मूळ पीआरचा नंबर वर्णनात टाकतो. कंटाळवाणं आहे, पण खात्रीचं.

त्यानंतर प्रत्येक परतीला आम्ही एकच प्रश्न विचारतो: ही चूक डिफमध्ये दिसत होती का?

एक पीआर सांगतो. पोस्टग्रेसच्या एका टेबलवर नवा इंडेक्स, डिफमध्ये एकच `CREATE INDEX` ओळ. दोघांनी अप्रूव्ह केला, टेस्ट हिरव्या. प्रॉडक्शनला तो चालू झाला आणि इंडेक्स पूर्ण होईपर्यंत त्या टेबलवरचं सगळं लिखाण अडकून राहिलं, कारण `CONCURRENTLY` लिहिलेलं नव्हतं. ओळ तर दोघांसमोर होती. टेबल किती मोठं आहे हे मात्र डिफमध्ये कुठेच नव्हतं, आणि टेस्ट डेटाबेसमध्ये मोजक्याच रांगा. याला रिव्ह्यूचं अपयश म्हणून दोघांच्या नावावर टाकणं मला पटत नाही. आम्ही सीआयमध्ये तपासणी बसवली: मायग्रेशनमधल्या `CREATE INDEX` ओळीत `CONCURRENTLY` नसेल तर बिल्ड लाल.

याउलट, एका पीआरमध्ये अट उलटी लिहिलेली होती. ती डिफमध्ये ढळढळीत दिसत होती, पण पीआर इतका लांबलचक होता की शेवटच्या फायलींपर्यंत कुणी नीट वाचलंच नाही. हे रिव्ह्यूचंच अपयश. मोजायचं ते हे.

आणि हा आकडा माणसागणिक लावू नका, ही कळकळीची विनंती. सगळ्यात धोकादायक कोड ज्याच्याकडे तपासायला जातो, त्याच्याच नावावर जास्त रिव्हर्ट दिसणार. शिवाय रिव्हर्टची लाज वाटायला लागली की लोक बिघडलेला कोड तसाच ठेवून वरून ठिगळं लावतात. रिव्हर्ट कमी दिसतात आणि युजरला त्रास जास्त वेळ होतो.

चालू महिन्याचा आकडाही आम्ही लगेच वाचत नाही. काल मर्ज झालेल्याला बिघडायला अजून वेळच मिळालेला नसतो. प्रत्येक पीआरला 30 दिवस देतो, मगच तो हिशेबात धरतो.